बंद आकृतीचं क्षेत्रफळ म्हणजे काम, मग मुलीचं उत्तर ४५० आणि पुस्तकाचं २५५ कसं?

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. माझे टॉवेलचे माग आहेत. बारावी सायन्स करून शाळेला रामराम ठोकला त्याला २६ वर्षं झाली. मुलगी यंदा बारावीला आहे आणि काल रात्री दोघं एका गणितावर अडलो.

सिलिंडरमध्ये हवा आहे. सुरुवातीला दाब ४०० किलोपास्कल, आकारमान १ लिटर, हा बिंदू अ. तापमान स्थिर ठेवून हवा ४ लिटरपर्यंत पसरू दिली, दाब १०० वर आला, हा ब. मग दाब १०० वरच ठेवून परत १ लिटरवर आणली, हा क. शेवटी आकारमान तेच ठेवून तापवली आणि पुन्हा अ वर आणली. एका फेरीत इंजिनानं किती काम केलं?

पोरीनं आडव्या अक्षावर आकारमान घेतलं, उभ्यावर दाब, तीन ठिपके दिले आणि पट्टीनं जोडले. काटकोन त्रिकोण झाला. पाया ३, उंची ३००, क्षेत्रफळ ४५०. लिटर गुणिले किलोपास्कल म्हणजे सरळ जूलच येतात हे तिनंच मला सांगितलं. म्हणजे ४५० जूल. पुस्तकाच्या मागे उत्तर २५५. मीही दोनदा करून बघितलं, ४५०च. बायको म्हणाली दोघंही चुकलात. खरं कोण?

बाळे_पॅसेंजर
बायको. पुढचा प्रश्न घ्या.

गौरी_गणित
अक्ष शून्यापासून सुरू केलेत का? बहुतेक वेळा मुलं दाबाचा अक्ष १०० पासून सुरू करतात, कागद वाचावा म्हणून. मग खालची पट्टी सुटते आणि क्षेत्रफळ चुकतं. ही अगदी नेहमीची चूक आहे.

डिझेलभाऊ
२५५ म्हणजे पीएसआय का ओ? आमच्याकडं ट्रॅक्टरला कॉम्प्रेशन गेज लावलं आणि २५५ आलं तर रिंगा गेल्या म्हणून समजायचं. ४०० च्या आसपास पाहिजे. हेड खोलून बघा.

होटगीरोडकर
@डिझेलभाऊ ट्रॅक्टर नाही ओ, पुस्तकातलं इंजिन आहे. हेड खोलता येत नाही.
@गौरी_गणित अक्ष १०० पासूनच सुरू केलाय! पण शून्यापासून केला तरी त्रिकोण तेवढाच राहतो की. खाली नुसती मोकळी जागा वाढते.

निवांत_मास्तर
तीस वर्षं हा विषय शिकवला, आता विजापूर रोडला झाडांना पाणी घालतो. मुलीची गुणाकाराची किंवा एककाची काही चूक नाही. तिनं एका वेगळ्याच इंजिनाचं उत्तर बरोबर काढलंय.

तिला एवढंच विचारा: अ पासून ब कडे जाताना, बरोबर मध्ये, म्हणजे अडीच लिटरला दाब किती? तापमान स्थिर आहे ना, मग दाब आणि आकारमानाचा गुणाकार सगळीकडे ४००च राहिला पाहिजे. ४०० भागिले अडीच, १६०. आता तिच्या पट्टीच्या रेषेवर अडीच लिटरला दाब वाचा. २५० येईल. ठिपका ९० किलोपास्कल वर लटकतोय.

याचा अर्थ नीट बघा. सरळ रेषेवर अडीच लिटरला गुणाकार ६२५ होतो, म्हणजे हवेचं तापमान सुरुवातीच्या दीडपटीहून थोडं जास्तच. अ आणि ब ची तापमानं सारखी आहेत म्हणून मधला रस्ताही सारख्या तापमानाचा, असं होत नाही. त्रिकोणातली हवा वाटेत भरपूर तापते आणि परत थंड होते. गणितातली हवा तशी तापतच नाही.

दर अर्ध्या लिटरला एक ठिपका द्यायला सांगा. दीडला २६६.७, दोनला २००, अडीचला १६०, तीनला १३३.३, साडेतीनला ११४.३. हे ठिपके हातानं जोडायचे, पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवायची. दोन खुंट्यांना सैल बांधलेल्या वाळत घालायच्या दोरीसारखा वक्र खाली झोळ खाईल. तो झोळ आणि सरळ रेषा यांच्यामधली फट म्हणजे तुमचे हरवलेले १९५ जूल.

बाळे_पॅसेंजर
मास्तर, झोळ आमच्या दारातल्या वायरला पण आहे. तिकडे किती जूल हरवले असतील, बिलात तर सगळे दिसतात.

गौरी_गणित
मास्तर, वक्राचं मान्य. पण अक्षाचं माझं म्हणणं मी सोडत नाही. वक्राखालचं क्षेत्रफळ शून्यापर्यंतच मोजायचं असतं, हे तर खरं ना?

निवांत_मास्तर
@गौरी_गणित एका टप्प्याचं काम काढताना शंभर टक्के खरं. अ ते ब या एकट्या टप्प्यात हवेनं केलेलं काम वक्रापासून पार शून्य दाबापर्यंतचं क्षेत्रफळ आहे. ते साधारण ५५५ जूल भरतं: ४०० गुणिले ४ चा नैसर्गिक लॉग. ब ते क येताना आपण हवा दाबतो, त्याचं क्षेत्रफळ १०० गुणिले ३ म्हणजे ३००, आणि ते वजा. क ते अ आकारमान हललंच नाही, काम शून्य. ५५५ वजा ३००, राहिले २५५.

त्या ३०० च्या पट्टीकडं बघा. जाताना ती मोजली आणि येताना वजा केली. म्हणून फेरी पूर्ण असेल तेव्हा खालची पट्टी कागदावर असो की नसो, आतल्या क्षेत्रफळाला फरक पडत नाही. होटगीरोडकरांनी वर सहज बोलता बोलता तेच सांगितलंय.

होटगीरोडकर
सर, आज दुपारी माग बंद होते (वीज), म्हणून मीच आलेखाचा कागद घेऊन बसलो. तुमचे सात ठिपके दिले. पण गोल जोडायला हात वळेना म्हणून प्रत्येक दोन ठिपके पट्टीनं जोडले. पोरीला कळू देऊ नका. सहा चौकोन झाले, वरून तिरपे कापल्यासारखे. प्रत्येकाचं क्षेत्रफळ काढून बेरीज केली: ५६२. त्यातून ३०० गेले, २६२. पुस्तकापेक्षा सात जास्त. बेरीज तीनदा तपासली.

निवांत_मास्तर
बेरीज बरोबर आहे. वक्र झोळ खाणारा आहे, म्हणून त्यावरचे कुठलेही दोन ठिपके पट्टीनं जोडले की पट्टी वक्राच्या वरूनच जाते. प्रत्येक तुकड्यात थोडं थोडं जास्त मोजलं जातं, कधीच कमी नाही. अख्खी रेषा एकाच पट्टीनं जोडली तेव्हा १९५ जास्त आले, सहा पट्ट्यांत सात आले. बारा केल्यात तर दोनच्या आसपास येतील. आणि बघा, पहिल्या तुकड्यात, एक ते दीड लिटरमध्येच, निम्म्याहून जास्त चूक आहे, कारण वक्र तिथंच सगळ्यात जोरात वळतो. ठिपके वाढवायचे तर तिथं वाढवा. शेवटाकडं दोन कमी असले तरी चालतं.

डिझेलभाऊ
आता कळलं काय चाललंय ते. मग मला सांगा, हा ४०० दाब गेजवर वाचलेला का? कारण आमचं गेज मोकळं ठेवलं की शून्य दाखवतंय, आणि हवेचा दाब तर आहेच की बाहेर.

निवांत_मास्तर
@डिझेलभाऊ हा प्रश्न वर्गात क्वचित कुणी विचारतं. पुस्तकातला ४०० हा निर्वातापासून मोजलेला दाब आहे. सोलापूर समुद्रापासून साडेचारशे मीटर उंचीवर, इथं बाहेरच्या हवेचा दाब ९६ च्या आसपास. म्हणजे तुमच्या गेजवर ४०० च्या जागी ३०४ दिसेल आणि १०० च्या जागी जेमतेम ४.

गंमत अशी की आकृती आधीच नीट काढलेली असेल आणि तुम्ही अख्खी उचलून ९६ नं खाली सरकवली, तर आतलं क्षेत्रफळ तेच राहतं. तिथं गेज चालतं. पण आकृती *काढताना* गेजचा आकडा वापरलात तर फसलात. कारण दाब गुणिले आकारमान स्थिर, हा नियम गेजला माहीत नाही. गेजवरचे ४०० म्हणजे खरे ४९६. ते चौपट आकारमानाला खरे १२४ होतात, गेजवर २८. आणि तुम्ही मात्र ४०० भागिले ४ म्हणून १०० ला ठिपका देऊन मोकळे.

डिझेलभाऊ
म्हणजे मोजायला चालतंय, काढायला नाही. बरं झालं विचारलं.

खाऱ्या_पाण्यातला_सोलापुरी
धागा बघून राहवलं नाही. मी जहाजावर इंजिनखात्यात आहे. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याआधी सगळ्यात मोठं पाणी म्हणजे उजनी.

तुम्ही कागदावर काढताय ती आकृती आमच्याकडं इंजिन स्वतः काढायचं. सिलिंडरच्या डोक्यावर एक कॉक असतो, त्याला इंडिकेटर लावायचा. आत स्प्रिंगवर छोटा पिस्टन. दाब वाढला की लेखणी वर. कागद एका ड्रमवर गुंडाळलेला, त्याला दोरी, आणि ती दोरी मोठ्या पिस्टनच्या हालचालीला जोडलेली. पिस्टन खालीवर झाला की ड्रम मागेपुढे फिरतो. लेखणी दाब लिहिते, ड्रम आकारमान लिहितो. मग प्लॅनिमीटर घेऊन बाहेरच्या रेषेवरून एक फेरी मारायची, क्षेत्रफळ आलं. त्याला आकृतीच्या लांबीनं भागलं की सरासरी उंची, तिला स्प्रिंगच्या आकड्यानं गुणलं की सरासरी दाब. तो पिस्टनचं क्षेत्रफळ आणि स्ट्रोक यांनी गुणला की एका फेरीचं काम.

मूळ कल्पना वाफेच्या इंजिनाची, जेम्स वॅट आणि त्याचा सहकारी जॉन सदर्न यांची, १७९६ च्या सुमाराची. लेखणीखालचा कागद हलवायची युक्ती सदर्नची. बरीच वर्षं त्यांनी ती बाहेर कळू दिली नाही.

दोरी सैल असेल किंवा ताणत असेल तर आकृतीची टोकं खोटी येतात. हल्ली दोरी नाही, दाबाचा सेन्सर आणि क्रँकचा कोन, बाकी संगणक करतो. पण तिथंही पिस्टन नक्की वर कधी पोचला हे एक अंश जरी चुकलं तरी क्षेत्रफळात कित्येक टक्के फरक पडतो. दाबाचा वक्र खरा असतो, फक्त चुकीच्या आकारमानावर बसवलेला असतो. ओळखायचं कसं? त्या सिलिंडरचं इंधन थोडा वेळ बंद करायचं. मग जाताना आणि येताना दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर पडायला हव्यात. टोकाशी एकमेकींना ओलांडून गाठ मारल्यासारख्या दिसल्या, तर कोन चुकलाय.

अक्कलकोट_नाका
आजोबा जुन्या गिरणीच्या इंजिनखात्यात होते. घरात त्यांचे असे दोन-तीन कागद होते, बुटासारखा आकार काढलेला. आम्हाला लहानपणी वाटायचं आजोबांना चित्रकला येत नव्हती.

खाऱ्या_पाण्यातला_सोलापुरी
@अक्कलकोट_नाका जपून ठेवा ओ ते! बुटाची मागची उभी कड म्हणजे वाफ आत येतानाचा भाग. ती कड सरळ उभी न राहता आत कललेली असेल तर झडप उशिरा उघडत होती. तुमचे आजोबा त्यावरूनच इंजिनाची नाडी बघत असणार.

अक्कलकोट_नाका
घर पाडलं तेव्हा गेले ते. असो.

गौरी_गणित
एक बेसिक शंका. क्षेत्रफळ मोठं म्हणजे इंजिन चांगलं, असं धरायचं का? त्रिकोणवालं इंजिन ४५० देतंय, हे २५५. मग त्रिकोणवालंच का बनवत नाहीत?

निवांत_मास्तर
क्षेत्रफळ फक्त मिळकत सांगतं, खर्च सांगत नाही. आपल्या गणितातल्या फेरीत क ते अ हवा तापवायला ७५० जूल उष्णता लागते (साधी हवा धरली तर). आणि अ ते ब तापमान पडू नये म्हणून जेवढं काम झालं तेवढी, ५५५ जूल, आणखी. एकूण सुमारे १३०५ घातले, २५५ मिळाले. साडेएकोणीस टक्के. उरलेले १०५० ब ते क मध्ये बाहेर गेले. यातले ७५० आणि १०५० हे उष्णतेचे आकडे आकृतीवर नुसते बघून वाचता येत नाहीत, त्यासाठी वायू कोणता तेही माहीत पाहिजे. क्षेत्रफळाला मात्र ते कळायची गरज नाही.

त्रिकोणाचा खर्च कुणीतरी काढून दाखवा. मी आता काढत नाही, पाणी यायची वेळ झाली.

बाळे_पॅसेंजर
आमच्याकडं पाणी पाच दिवसांनी आलं. त्या चक्राची आकृती बंदच होत नाही, म्हणून काम शून्य.

होटगीरोडकर
मी मुलगी लिहितेय, बाबांच्या अकाउंटवरून. बाबांचे पट्टीनं जोडलेले ठिपके मला सापडले 😀

मी हातानं वक्र काढला आणि छोटे चौकोन मोजले. १ सेंटीमीटरला अर्धा लिटर आणि ५० किलोपास्कल घेतलं होतं, म्हणून एक सेंटीमीटर चौकोन २५ जूलचा आणि एक मिलिमीटरचा बारका चौकोन पाव जुलाचा. अर्ध्याहून जास्त आत असेल तो मोजला, कमी असेल तो सोडला. १०२६ आले, म्हणजे २५६.५ जूल. दीड तास गेला.

एक घोळ अजून आहे. केमिस्ट्रीच्या सरांनी शिकवलंय की वायू पसरला तर काम वजा. फिजिक्समध्ये वायू पसरला तर अधिक. मग आकृती घड्याळाच्या दिशेनं गेली तर उत्तर अधिक लिहायचं की वजा?

आणि मास्तर सर, त्रिकोणाचा खर्च मी काढला. क ते अ तेच ७५०. तिरप्या रेषेवर सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान सारखं, म्हणून आतली ऊर्जा बदलली नाही, म्हणून उष्णता तेवढीच जेवढं काम: २५० गुणिले ३, ७५०. एकूण १५००. ४५० भागिले १५००, ३० टक्के. म्हणजे गौरीताईंचं बरोबर आहे?

गौरी_गणित
❤️

निवांत_मास्तर
बाळ, चौकोन मोजण्याचं काम फार सुंदर केलंस. दीड जुलाची चूक हातानं काढलेल्या वक्राला शोभते.

चिन्हाचं: केमिस्ट्रीवाले वायू*वर* झालेलं काम मोजतात, आपण वायू*नं* केलेलं. घड्याळाच्या दिशेनं फिरणारं चक्र आपल्याला काम देतं, हे दोघांनाही मान्य आहे. ज्या पेपरला बसलीस त्यांचं चिन्ह लिही, आणि शेजारी शब्दांत लिही की इंजिनानं २५५ जूल काम केलं.

आता तुझे ३० टक्के. तिरप्या रेषेवर *निव्वळ* उष्णता ७५० हे बरोबर. पण निव्वळ आणि आत घातलेली यात फरक आहे. त्या रेषेवर हवा आधी तापते आणि मग थंड होते. म्हणजे पहिल्या भागात उष्णता आत, शेवटच्या भागात बाहेर. बाहेर गेलेली तू खर्चातून वजा करून टाकलीस. ती तर धुराड्यातून गेली, परत मिळाली नाही.

गौरी_गणित
मग सोपं आहे की! तापमान अडीच लिटरला सगळ्यात जास्त. अडीचपर्यंत उष्णता आत, तिथून पुढे बाहेर.

निवांत_मास्तर
वाटतं खरं, पण नाही. अडीचच्या पुढे हवा थंड व्हायला लागते, पण ती पिस्टनला ढकलतही असते. सुरुवातीला तापमान इतकं हळू उतरतं की काम भागवायला बाहेरून उष्णता घ्यावीच लागते. थंड होत असतानाही उष्णता आत येत राहते, साधारण २.९ लिटरपर्यंत. तिथं पट्टीची रेषा ॲडियाबॅटिक वक्राला, म्हणजे उष्णता आतही येत नाही आणि बाहेरही जात नाही अशा वक्राला, नुसती स्पर्श करते. त्याच्यापुढे उष्णता बाहेर.

मुली, तो बिंदू तू शोध. मी आकडा सांगितलाय, तो का येतो ते तू काढ. ३० टक्के टिकणार नाहीत, पण साडेएकोणीसच्या खालीही जाणार नाहीत. त्या जादाची किंमत त्या इंजिनाला सर्वोच्च तापमान दीडपट नेऊन मोजावी लागते, हेही लक्षात घे.

खाऱ्या_पाण्यातला_सोलापुरी
मास्तर, खरं सांगू? परीक्षा देऊन बारा वर्षं झाली आणि मीही अडीचच म्हणालो असतो.

डिझेलभाऊ
ते दीडपट तापमान पिस्टनला झेपणार का, हे कुणी विचारलंच नाही. आमच्याकडं वितळलेले दोन पिस्टन पडलेत, येऊन बघा म्हणावं पोरीला.

होटगीरोडकर
बाबा बोलतोय. पोरगी कागद घेऊन बसलीय, जेवायला येत नाही. २.९ मिळालंय म्हणते, २.९१७. आता तिथपर्यंतची उष्णता काढतेय, १८५२ का काहीतरी एकूण येतंय म्हणाली. टक्के अजून सांगितले नाहीत. शेंगाची चटणी आणि भाकरी झाकून ठेवलीय.

@डिझेलभाऊ रविवारी घेऊन येतो तिला. दुकान उघडं असतंय का?

डिझेलभाऊ
दुपारी दोनपर्यंत. या.